मेहकरचा मुलगा आणि दोन नेमणूकपत्रं

सोयाबीन निघालं होतं आणि हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायचं होतं, त्याच आठवड्यात मेहकरमधल्या एका घरात दोन नेमणूकपत्रं आली. एक चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्याचं, दुसरं महावितरणचं. मुलगा बावीस वर्षांचा. आयटीआयमध्ये दोन वर्षं वीजतंत्री झालेला आणि त्यानंतर महावितरणमध्येच एक वर्ष अप्रेंटिस म्हणून खांबांवर चढलेला. चाकणला सहा दिवसांत हजर व्हायचं होतं, महावितरणने महिन्याभराची मुदत दिली होती. घरात आई, बाबा, आजी आणि लग्नाची बहीण. बाबांच्या डोक्यावर मार्चअखेर फेडायचं नव्वद हजारांचं पीककर्ज.

हा मुलगा कुणा एका घरातला नाही. बुलढाणा, वाशिम, हिंगोली, लातूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने जे घडतं, ते एकत्र करून ही गोष्ट रचली आहे. घरखर्चाचे आणि पत्रांतले काही आकडे त्यामुळे उदाहरणादाखल आहेत. कपातीचे दर, मानधन आणि नियम मात्र खरे आहेत.

पत्रं आली त्या संध्याकाळी घराचा कल चाकणकडे होता, आणि त्याचं कारण सरळ होतं. कारखान्याच्या पत्रावर वार्षिक तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, असा आकडा होता. महावितरणच्या विद्युत सहायकाला पहिल्या वर्षी महिना १५,००० रुपये मानधन, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,०००. डिसेंबर २०२३ मध्ये निघालेल्या ५,३४७ पदांच्या जाहिरातीत हेच आकडे छापलेले होते. "दहा हजारांचा फरक आहे, विचार कसला करता?" असं मामांनी फोनवर सांगितलं. ताई मात्र म्हणाली, "पत्राचं दुसरं पान वाच आधी."

दुसऱ्या पानावर पंचवीस हजारांची फोड होती. कारखान्यांच्या पत्रात 'सीटीसी' म्हणून जो आकडा असतो, तो कंपनीला त्या माणसावर होणारा एकूण खर्च असतो. त्यातला बराचसा भाग कामगाराच्या खात्यात त्या महिन्यात येतच नाही. या पत्रात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये होते, घरभाडे आणि इतर भत्ते मिळून ६,०००. म्हणजे खरा मासिक पगार १९,०००. उरलेल्या सहा हजारांत कंपनी भरणार असलेला भविष्य निर्वाह निधी, १३,००० च्या १२ टक्के म्हणजे १,५६०. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयसी, त्यात कंपनीचा वाटा ३.२५ टक्के, म्हणून ६१८. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढायचे ६२५. वर्षाअखेर मिळणाऱ्या बोनसचा महिन्याचा हिस्सा १,०८३. आणि राहिलेले २,११४ रुपये कँटीन, बस आणि गटविमा यांवरचा कंपनीचा खर्च.

यातलं काहीच खोटं नाही, आणि फसवणूकही नाही. पीएफ त्याच्याच नावावर साठतो, बोनस वर्षातून एकदा मिळतो, ईएसआयसीतून उपचार होतात. पण या पैशातून दर महिन्याला घरी पाठवता येत नाही, आणि घर वाट पाहत होतं ती दर महिन्याच्या पैशाची.

मग १९,००० तून त्याची स्वतःची कपात. पीएफचा त्याचा वाटा पुन्हा १,५६०. ईएसआयसीचा ०.७५ टक्के, म्हणजे १४३. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांवर गेला की व्यवसायकर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत तेवढा ३००. कँटीन आणि बससाठी त्याच्या वाट्याचे सहाशे. हातात आले १६,४९७. ताईने वहीच्या पानावर पंचवीस हजार खोडून साडेसोळा हजार लिहिलं, तेव्हा बाबांनी चष्मा मागून घेतला आणि बेरीज स्वतः करून पाहिली.

प्राप्तिकराचा प्रश्न या पगारावर येतच नाही, त्यामुळे ती काळजी नव्हती.

मामांचा मुद्दा तरी पुरता मोडीत निघालेला नव्हता. त्यांच्या शेजारचा एक मुलगा चाकणला आहे आणि त्याच्या खात्यात महिन्याला चोवीस-पंचवीस हजार पडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते खरंच असणार. फरक ओव्हरटाइमचा. चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज इथली पोरं पगार सांगतात तेव्हा 'ओटी' धरूनच सांगतात. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. १९,००० पगाराला सव्वीस दिवस आणि आठ तासांनी भागलं की ताशी साधारण ९१ रुपये, दुप्पट केले की १८३. महिन्यात चाळीस तास जादा काम केलं तर सात हजारांच्या वर रक्कम सहज वाढते. पण ओटी मिळेलच याची हमी कुठल्याही पत्रात नसते. ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी तीच थांबते. शिवाय कंत्राटदारामार्फत काम असेल तर जादा तासांचे पैसे एकेरी दराने देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते. म्हणून अनुभवी पोरं नव्या पोराला पहिला सल्ला देतात तो असा: ओटी सिंगल की डबल, हे विचारून घे.

आता खर्च. चाकणला चौघांच्या खोलीत एकाचा वाटा २,५०० रुपये धरला. एका वेळचं जेवण कँटीनला होईल, दुसऱ्या वेळचं आणि सुट्टीच्या दिवसाचं मेसला, त्याचे २,२००. चहा-नाश्ता, मोबाइल, साबण, कधी दवाखाना मिळून २,०००. महिन्यातून एकदा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी येणं-जाणं १,६००. एकूण ८,३००. शिल्लक ८,१९७.

महावितरणच्या पत्रात शेजारच्या वाशिम जिल्ह्यातलं एक शाखा कार्यालय दिलेलं होतं. मेहकरहून ते रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही. आणि विद्युत सहायकाला कार्यालयाच्या गावीच राहावं लागतं, कारण वीज जाते ती रात्री-अपरात्री आणि पावसात. १५,००० तून पीएफचे १,८०० आणि व्यवसायकराचे २०० कापले जातील असं त्यांनी धरलं. हातात १३,०००. खोली २,०००, जेवण २,५००, मोटरसायकलचं पेट्रोल २,०००, बाकी किरकोळ १,५००. एकूण ८,०००. शिल्लक पाच हजार.

मामा म्हणत होते तो दहा हजारांचा फरक असा महिन्याला ३,१९७ रुपयांवर आला. वर्षाला साधारण अडतीस हजार. हासुद्धा लहान फरक नाही. तीन एकर कोरडवाहू असलेल्या घराला अडतीस हजार म्हणजे एका हंगामाचं बी-बियाणं आणि खत. चाकणचं पारडं अजूनही जड होतं, आणि ते तसं मान्य करायला हवं. सरकारी म्हटलं की चांगलंच, खासगी म्हटलं की वाईटच, अशा ठोकताळ्याने कुठल्याच घराचं भलं होत नाही.

मुलाने मात्र एक ओळ पुन्हा वाचली. चाकणच्या पत्रात लिहिलं होतं, नेमणूक एक वर्षाच्या निश्चित मुदतीसाठी, कामगिरी आणि कामाची गरज पाहून वाढवली जाईल. पत्राच्या तळाशी सही होती ती कारखान्याची नव्हती, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराची होती. गेटवर कमान एकाची, पगार दुसऱ्याचा. चाकणच्या भाषेत तो 'कंपनी रोल'वर नव्हता, 'कॉन्ट्रॅक्ट'मध्ये होता.

यातून काय होतं ते थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत एक तरतूद वर्षानुवर्षं होती: तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत खंड न पडता २४० दिवस काम केलं की त्याला कायम करायचं. ही तरतूद कामगाराच्या बाजूची, पण ती टाळण्यासाठीच सात महिन्यांनी 'ब्रेक' देण्याची चाल पडली. सात महिने म्हणजे २१० दिवस. मुलगा चांगलं काम करतो, सुपरवायझर खूश असतो, तरी एका महिनाअखेरीला गेटपास जमा करायला सांगतात. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, किंवा बोलावत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत निश्चित मुदतीच्या नेमणुकीला रीतसर मान्यता आहे. अशा कामगाराला कायम कामगारासारखेच लाभ द्यायचे आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही द्यायची असं त्यांत आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही बंधनकारक झालं. लाभांच्या बाजूने ही सुधारणा खरी आहे. पण मुदत संपल्यावर नोकरी पुढे चालू राहण्याची हमी त्यातून मिळत नाही.

वहीत त्याने ब्रेकही पैशांत मांडला. समजा वर्षाअखेर मुदत वाढली नाही आणि चाकणलाच राहून दुसरं काम शोधण्यात दोन महिने गेले. खोलीभाडं आणि मेस चालूच राहणार, पगार बंद. दोन महिन्यांचे मिळून तेहतीस हजार गेले. वर्षभरात महावितरणपेक्षा जास्त मिळालेल्या अडतीस हजारांपैकी पाच हजार उरले. दुसऱ्या कारखान्यात तो पुन्हा नवा मुलगा म्हणूनच रुजू होणार.

महावितरणच्या तीन वर्षांचा शेवट वेगळा आहे. तीन वर्षं समाधानकारक सेवा झाली की विद्युत सहायक तंत्रज्ञ या नियमित पदावर जातो आणि वेतनश्रेणीत बसतो. तिथून महागाई भत्ता, वार्षिक वेतनवाढ, पुढच्या पदोन्नत्या. या कंपनीची स्थापना जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाच्या विभाजनातून झाली आणि ती राज्य सरकारच्या मालकीची आहे. 'सरकारी नोकरी' असं घरात सगळे म्हणत होते, त्यात एक गैरसमज होता. आजीला वाटत होतं, नातवाला म्हातारपणी तिच्या भावासारखी पेन्शन बसेल. तो भाऊ शिक्षक होता. महावितरणमध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसारखी निवृत्तिवेतन योजना नाही, भविष्य निर्वाह निधीवरच भागवावं लागतं. हे मुलाने आजीला आधीच सांगितलं, ते बरं केलं. चुकीच्या आशेवर घेतलेला निर्णय पुढे घरातल्यांनाच एकमेकांवर चिडायला लावतो.

महावितरणच्या पत्रालाही अटी होत्याच. ही नेमणूक मूळ कागदपत्रांच्या पडताळणीवर आणि वैद्यकीय दाखल्यावर अवलंबून असते. अडचणी येतात त्या बहुतेक ठरलेल्या असतात: दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज दिलेला पण निर्णय बाकी, नॉन क्रीमीलेअरची मुदत संपलेली. पत्र हातात आहे म्हणून दुसरी नोकरी नाकारायची आणि पडताळणीत अडकायचं, असं झालं तर मुलगा दोन्हीकडून जातो. म्हणून त्याने चाकणला नकार कळवण्याआधी सगळी मूळ कागदपत्रं जमिनीवर पसरून एकेका कागदावरचं नाव जुळवून पाहिलं. एका ठिकाणी आडनावातलं एक अक्षर वेगळं निघालं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घेतलं.

आईने दोन दिवस पैशांबद्दल एक शब्दही काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं ते वेगळंच. "खांबावर चढायचं का पुन्हा?"

हा प्रश्न कुठल्याही हिशेबात बसत नाही, पण या नोकरीत तोच सगळ्यात मोठा आहे. मुलाने तिला जे सांगितलं ते अप्रेंटिसच्या वर्षात तो रोज पाहत होता. अकरा केव्हीच्या लाइनवर बिघाड झाला की आधी उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचं. तो त्या फीडरचा ब्रेकर बंद करतो, कुणाच्या नावावर, किती वाजता परमिट दिलं ते वहीत लिहितो. मग कामाच्या जागेजवळचा एबी स्विच उघडायचा आणि त्याची तिन्ही पाती खरोखर सुटली का, हे खालून डोळ्यांनी पाहायचं. गंजलेल्या स्विचचं एखादं पातं चिकटून राहतं आणि दांडा मात्र खाली आलेला असतो. त्यानंतर डिस्चार्ज रॉडने तारा जमिनीशी जोडायच्या, आणि काम चालू आहे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला रॉड लावून चढण्याची घाई बऱ्याच जणांना होते, कारण दुसरा रॉड लावायला दोन खांब चालत जावं लागतं, आणि गावात फोनवर फोन येत असतात.

दोन्ही बाजूंनी का, तर वीज उपकेंद्राकडूनच येते असं नाही. पलीकडच्या वस्तीत कुणी जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असला, तर घरातली वीज उलटी लाइनवर चढते. डीपीच्या रोहित्रातून ती उलट्या दिशेने गेली की दाब वाढतो आणि बंद लाइनवर अकरा हजारांच्या आसपास पोचतो. खाली उभ्या माणसाला लाइन बंद वाटते, वहीत ती बंदच असते. परमिट परत करतानाही तसंच. दोन पथकं एकाच फीडरवर असतील तर एकाने फोनवरून "झालं" म्हटलं म्हणून लाइन सुरू करायची नसते, ज्याच्या नावावर परमिट आहे त्याने आपली माणसं मोजूनच ते परत द्यायचं असतं. हे सगळे नियम छापलेले आहेत आणि शिकवलेही जातात. ते पाळले जातात की नाही हे त्या शाखेतले जुने वायरमन कसे आहेत यावर ठरतं. म्हणून मुलाने एक गोष्ट केली जी मला फार शहाणपणाची वाटते. हजर होण्याआधी तो मोटरसायकलने त्या शाखेच्या गावी गेला, तिथल्या वायरमनबरोबर चहा घेतला आणि कार्यालयात डिस्चार्ज रॉड किती आहेत, हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट शेवटचे कधी आले, एका पाळीला माणसं किती असतात, एवढंच विचारून आला. रॉड दोन होते. माणसं कमी होती.

चाकणचं कामही धोक्यावाचून नाही, हे आईला तिथेच सांगायला हवं होतं आणि त्याने ते सांगितलं. पॉवर प्रेसवर बोटं जाण्याचे अपघात या पट्ट्यात होत राहतात, विशेषतः जेव्हा उत्पादन वाढवण्यासाठी मशीनचा सेन्सर बंद करून ठेवलेला असतो आणि बाराव्या तासाला डोळे मिटायला लागतात. तिथेही विचारायचा प्रश्न तोच: सेन्सर चालू असतो का?

बाबा मात्र मार्चपाशी अडकून होते. पीककर्ज मार्चअखेर भरलं तर व्याजाची सवलत मिळते, तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला वेळेत फेडल्यावर राज्याच्या योजनेतून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. विकलेल्या सोयाबीनचे साठ हजार जमले होते, तीस हजार कमी पडत होते. मुलगा लगेच चाकणला गेला तर तेवढे तरी मार्चपर्यंत येतील, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. घर नोकरीची वाट पाहत होतं म्हणजे खरं तर या तीस हजारांची.

त्यावर ताईने महिन्यांचा हिशेब मांडला, आणि या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात उपयोगी कागद मला तो वाटतो. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला चाकणला हजर झाला तर पहिला पगार जानेवारीच्या सात तारखेच्या आसपास. तोवरचे पाच आठवडे घरातूनच पैसे न्यावे लागणार. खोलीचं डिपॉझिट पाच हजार, गादी-बादली-कुलूप दीड हजार, त्यावर रोजचा खर्च. मार्चअखेरपर्यंत जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च असे तीनच पगार हातात येतात, ४९,४९१ रुपये. खर्च मात्र चार महिन्यांचा, ३३,२०० आणि सुरुवातीचे साडेसहा हजार, एकूण ३९,७००. मार्चअखेर उरतात ९,७९१.

महावितरणला डिसेंबरच्या मध्यावर हजर झाला आणि मार्चअखेरपर्यंत तीन पूर्ण मानधनं मिळाली असं धरलं, तर ३९,०००. साडेतीन महिन्यांचा खर्च २८,००० आणि डिपॉझिट तीन हजार. उरतात आठ हजार.

नऊ हजार सातशे एक्क्याण्णव आणि आठ हजार. ज्या मार्चसाठी घराने मुलाला घाईने चाकणला पाठवायचं ठरवलं होतं, त्या मार्चला दोन्ही नोकऱ्यांत दोन हजारांचासुद्धा फरक नव्हता, आणि तीस हजार कुठल्याच वाटेने जमत नव्हते. अडचण मार्चची होती आणि ती नोकरी बदलून सुटणारी नव्हती. हे कळेपर्यंत घरातलं प्रत्येक जण मुलाकडे अशा नजरेने पाहत होतं की त्याच्या एका होकारावर कर्ज फिटणार आहे. बावीस वर्षांच्या पोराच्या मानेवर असं ओझं ठेवून त्याला दहा वर्षांचा निर्णय करायला लावणं योग्य नाही. मला वाटतं, या घरांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तातडीच्या देण्यासाठी लांबची नोकरी निवडली जाते, आणि ते देणंही त्यातून भागत नाही.

तीस हजारांचा मार्ग घरातच होता, फक्त त्याकडे कुणी त्या दृष्टीने पाहत नव्हतं. बाबांनी भाव वाढेल म्हणून सात क्विंटल सोयाबीन मागे ठेवलं होतं. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव ५,३२८ रुपये होता, बाजार समितीत मात्र भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता. त्या दिवशी चार हजार चारशेने सात क्विंटलचे ३०,८०० होत होते. थांबलं तर कदाचित तीन-चार हजार जास्त मिळाले असते, पण व्याजाची सवलत आणि पुढचं कर्ज अडकवून ती वाट पाहण्यात अर्थ नव्हता. हमीभाव केंद्रावर नोंदणी करून तिथे नंबर लागतो का, हेही बाबांनी पाहायचं ठरवलं. तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत येतो, म्हणून आधी दोन दिवस उन्हात पसरायचं.

मुलाने कंत्राटदाराच्या कार्यालयाला फोन केला आणि नकार देण्याआधी दोन गोष्टी विचारल्या. वर्ष झाल्यावर कंपनी रोलवर घेतात का, आणि ओटी कुठल्या दराने. पहिल्याचं उत्तर मिळालं, "ते कंपनीच्या हातात." दुसऱ्याचं, "आल्यावर बोलू." हजर होण्याची तारीख आठ दिवस पुढे ढकलता येईल का, असंही त्याने विचारलं होतं. तेही जमलं नाही. हीच नेमणूक थेट कारखान्याची असती, एक वर्षाच्या प्रशिक्षणानंतर कायम होण्याची लेखी अट असती आणि कारखान्यात कामगार संघटनेचा वेतनकरार असता, तर माझं मत उलट झालं असतं. अशा कारखान्यांत पाच-सहा वर्षांत कायम कामगाराचा पगार महावितरणच्या तंत्रज्ञाच्या पुढे जाऊ शकतो. त्या पत्रात यातलं काही नव्हतं.

घराचा निर्णय महावितरणचा झाला, आणि सोबत काही ठरावही झाले. पहिले तीन महिने मुलाने घरी काही पाठवायचं नाही. एप्रिलपासून महिन्याला चार हजार, आणि हजार रुपये स्वतःच्या नावावर. मामांनी थोडी कुरकुर केली आणि मग मोटरसायकलच्या टायरचे पैसे देऊ केले. आईने मुलाकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: दुसरा रॉड लावल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, मग गावातून कितीही फोन येवोत.

सोमवारी बाबा सोयाबीनचा नमुना घेऊन बाजार समितीत गेले आणि मुलगा वैद्यकीय दाखल्यासाठी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात.